मामांच्या डिस्चार्ज पेपरचं मराठी, मामींसाठी

मामी, मामांच्या दा नांगच्या कागदांचं मराठी खाली दिलंय, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत, काही गाळलं नाही. जिथं "माझी टीप" असं लिहिलंय तेवढं माझं, बाकी सगळं तिथल्या डॉक्टरांचं. मी काय डॉक्टर नव्हे, सैगॉनला बुटाच्या कंपनीत सहा वर्षं काढली म्हणून भाषा येते एवढंच, त्यामुळं माझ्या टीपेवर गोळी बदलायची नाही, ती बेळगावच्या डॉक्टरना विचारायला आहे.

वाचायच्या आधी तीन गोष्टी. आकडे मुद्दाम इंग्रजी ठेवलेत कारण मराठी १ घाईत नऊसारखा दिसतो आणि पिंट्या कन्नड शाळेतला, त्याला तर मराठी आकडे वाचताना हमखास घोळ होतो. दुसरं, व्हिएतनामात पॉइंटच्या जागी स्वल्पविराम देतात आणि हजाराला टिंब देतात, म्हणजे कागदावर 2,5 दिसलं तर ते अडीच, पंचवीस नव्हे, आणि 1.000 दिसलं तर ते एक हजार, एक नव्हे. खाली मी आपल्या पद्धतीनं लिहिलंय आणि अक्षरात पण लिहिलंय. तिसरं, गोळ्यांची नावं मी मराठीत लिहिलीत ती नुसती उच्चारासाठी, मेडिकलमध्ये माझा मेसेज दाखवायचा नाही, मूळ कागद दाखवायचा आणि स्ट्रिपवरचं इंग्रजी नाव कागदावरच्या नावाशी एकेक अक्षर ताडून बघायचं.

डिस्चार्जचा कागद

हॉस्पिटलचं नाव आणि पत्ता: मूळ कागदाच्या वर छापलेला. विभाग: हृदयविकार, दा नांग.

पेशंटचं नाव: परशराम यल्लाप्पा जाधव. जन्म 1963. पुरुष. वंश: परदेशी. धंदा: शेतकरी. पत्ता: निपाणी, भारत. सरकारी आरोग्य विमा: नाही.

ॲडमिट: 9 फेब्रुवारी 2025, रात्री 22:40. डिस्चार्ज: 15 फेब्रुवारी 2025, सकाळी 10:00.

ॲडमिट का केलं: छातीत दुखणं.

हकीकत: ॲडमिट व्हायच्या साधारण दीड तास आधी पेशंट नदीकाठी उभा असताना छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखं दुखू लागलं, कळ डाव्या हाताकडं गेली, घाम सुटला, एकदा उलटी झाली. बेशुद्ध पडला नाही. (माझी टीप: रविवार होता, ड्रॅगन ब्रिज रात्री नऊला आग ओकतो ते बघायला गर्दीत उभे होते तेव्हाचं हे. मामा आता सांगतात की वडापावनं झालं, दा नांगात कुठला वडापाव.)

आधीचे आजार: टाईप 2 डायबेटीस 9 वर्षं, बीपी 5 वर्षं. तंबाखू: होय. औषधाची ॲलर्जी: आतापर्यंत आढळलेली नाही.

ॲडमिट होताना: शुद्धीवर, बीपी 150/90, नाडी मिनिटाला 54, वजन 74 किलो. ईसीजीमध्ये हृदयाच्या खालच्या भिंतीला ताज्या ॲटॅकच्या खुणा.

रक्त: साखर 13.4 मिलिमोल, एचबीएवनसी 8.1 टक्के, क्रिएटिनिन 97 मायक्रोमोल, एलडीएल 3.4 मिलिमोल.

माझी टीप: तिकडं मोजायचं माप वेगळं, त्यामुळं 13 बघून "साखर तेरा म्हणजे लई कमी झाली की" असं घाबरू नका. आपल्या मापात साखर साधारण 241, क्रिएटिनिन साधारण 1.1 आणि एलडीएल साधारण 131 होतं. हिशोब मी केलाय, डॉक्टरना मूळ आकडे दाखवा.

निदान: हृदयाच्या खालच्या भिंतीचा ताजा हार्ट ॲटॅक, वेळेत उघडलेला. टाईप 2 डायबेटीस. बीपी. रक्तात चरबी जास्त.

काय उपचार केले: त्याच रात्री उजव्या मनगटातून अँजिओग्राफी. उजवी कोरोनरी मध्यभागी पूर्ण बंद (100 टक्के), ती उघडून औषधाचा थर असलेला 1 (एक) स्टेंट बसवला, मापं 3.0 बाय 28 मिलिमीटर. डावीकडच्या पुढच्या नसेत 40 टक्के अडथळा, तिथं स्टेंट नाही, औषधावर ठेवलं. पाचव्या दिवशी इको: पंपिंग 50 टक्के.

जाताना तब्येत: छातीत दुखत नाही, दम लागत नाही, बीपी 125/75, नाडी 64, मनगटाची जखम कोरडी.

औषधाची चिठ्ठी, 28 (अठ्ठावीस) दिवसांसाठी

1. ॲस्पिरिन 81 मिलिग्रॅम. सकाळी जेवणानंतर 1 (एक) गोळी. एकूण 28.
माझी टीप: आपल्याकडं दुकानात बहुतेक 75 किंवा 150 ची मिळते, 81 मिळायची नाही. "तेच की हो मामी, घ्या" म्हणून दुकानदारानं पुढं केलेली 150 ची घ्यायची नाही, कुठली घ्यायची ते डॉक्टरनीच लिहून द्यायचं.

2. टिकाग्रेलोर 90 मिलिग्रॅम. सकाळी 1 (एक), रात्री 1 (एक), दोन्हीत 12 तासांचं अंतर. एकूण 56. 12 महिने चालू ठेवायची. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करायची नाही, दात काढायचा असला तरी.

3. बिसोप्रोलोल 2.5 (अडीच) मिलिग्रॅमची गोळी. सकाळी अर्धी गोळी. एकूण 14.
माझी टीप: मला सगळ्यात जास्त वेळ इथं लागला. तुम्ही पाठवलेल्या फोटोत घडीवर शाई पुसलीय, एक गोळी की अर्धी ते कळेना. बाकी सगळ्या गोळ्या 28 किंवा 56 दिल्यात आणि हीच तेवढी 14, म्हणजे अर्धीच असणार असा अंदाज आला, पण गोळ्यांच्या बाबतीत अंदाजावर लिहायचं नाही म्हणून वॉर्डात फोन लावला, नर्सबाईनी फाईल काढून दोनदा सांगितलं "नुआ व्हिएन", नुआ म्हणजे अर्धी. तर अडीचची अर्धी म्हणजे सव्वा (1.25) मिलिग्रॅम पोटात जायचं. आपल्याकडं 5 ची पण मिळते, ती आणून अर्धी करून दिली तर दुप्पट होईल. स्ट्रिपवर 2.5 असल्याशिवाय गोळी तोडायची नाही.

4. पेरिंडोप्रिल आर्जिनिन 5 (पाच) मिलिग्रॅम. सकाळी नाष्ट्याआधी 1 (एक). एकूण 28.
माझी टीप: "आर्जिनिन" हा शब्द गाळू नका. आपल्याकडं हीच गोळी दुसऱ्या क्षाराची 4 ची मिळते आणि ती या 5 च्या बरोबरीची असते, त्यामुळं डॉक्टरनी 4 लिहिलं तर कमी केलं असं समजू नका, आणि दुकानदारानं स्वतःहून बदलली तर मात्र घेऊ नका.

5. रोसुवास्टॅटिन 20 मिलिग्रॅम. रात्री 1 (एक). एकूण 28.

6. मेटफॉर्मिन 1000 (एक हजार) मिलिग्रॅम, हळूहळू सुटणारी. रात्री जेवल्यावर 1 (एक), आख्खी गिळायची, चावायची किंवा तोडायची नाही. एकूण 28.

7. पॅन्टोप्राझोल 40 मिलिग्रॅम. सकाळी खायच्या अर्धा तास आधी 1 (एक). एकूण 28.

8. नायट्रोग्लिसरीन स्प्रे, एका फवाऱ्यात 0.4 मिलिग्रॅम. 1 (एक) बाटली. रोज नाही. छातीत दुखलं तर बसून जिभेखाली 1 (एक) फवारा. 5 मिनिटांत कमी आलं नाही तर ताबडतोब 115 ला फोन.
माझी टीप: 115 हा व्हिएतनामचा ॲम्ब्युलन्सचा नंबर, निपाणीत तो लावून काय उपयोग. आपला 108. फ्रिजवर 108 च लिहून ठेवा.

चिठ्ठीखाली हातानं एक ओळ आहे: "जुनी ॲम्लोडिपिन बंद."

माझी टीप: जुन्यातलं एवढंच लिहिलंय. साखरेची जी घरची गोळी निपाणीच्या डॉक्टरनी दिलेली, तिच्याबद्दल चालू ठेवा म्हणून पण नाही आणि बंद करा म्हणून पण नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तिच्यात मेटफॉर्मिन 500 आणि ग्लिमेपिराइड 1 आहे, म्हणजे दोन्ही चालू ठेवल्या तर मेटफॉर्मिन डबल. तिकडच्या डॉक्टरनी न लिहिलेलं मी कसं लिहू, म्हणून ही जागा आहे तशीच ठेवलीय. उद्या सकाळी पहिला फोन हाच करा, विचारल्याशिवाय दोन्ही एकदम देऊ नका.

डॉक्टरांच्या सूचना

पथ्य: अळणी खाणं. खारवलेल्या भाज्या, माशांचा खारट सॉस, तळलेलं आणि प्राण्यांची चरबी टाळावी. गोड कमी. भाजी आणि मासे चालतील.
माझी टीप: त्यांचा शब्द "न्यात", आपल्या अळणीला अगदी बरोबर बसतो, मीठ कमी एवढाच अर्थ, तिखट बंद असं कुठं लिहिलेलं नाही, मामांना तेवढं तरी समाधान. माशांचा सॉस आपल्या घरात नाही, पण लोणचं, पापड आणि सुकटीची बरणी आहे, ते त्याच ओळीत बसतं असं माझं मत, डॉक्टरना विचारा.

तंबाखू पूर्ण बंद.
माझी टीप: इथं एक गंमत आणि एक धोका. त्यांच्याकडं "थुओक" म्हणजे औषध आणि "थुओक ला" म्हणजे तंबाखू, शब्दाला शब्द लावला तर पानाचं औषध. म्हणजे डिक्शनरी घेऊन कुणी ही ओळ घाईत वाचली तर "औषध बंद करा" असं वाचेल. औषध चालू, तंबाखू बंद. आणि निपाणीच्या माणसाला पानाचं औषध म्हटलं की तो खूषच होणार, तर मामांना हा अर्थ सांगू नका. ते म्हणतील डॉक्टरनी ओढायची बंद केलीय, मी तर मळून खातो. कागदावर ओढणं की खाणं असा फरक केलेला नाही.

पहिले 4 आठवडे जड उचलणं नाही, सपाट रस्त्यावर चालणं, सुरुवातीला दिवसाला 15 मिनिटं, मग हळूहळू वाढवणं.

दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या स्वतःच्या मनानं घ्यायच्या नाहीत.

लगेच हॉस्पिटलला जायचं: छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं, रक्त न थांबणं, काळी शी होणं. (माझी टीप: मूळ ओळीत शी होण्याला "दि काऊ" म्हटलंय, शब्दशः पुलावर जाणं. पुलाचा आणि मामांचा संबंध तिथंच संपला, याचा अर्थ संडासला जाणं एवढाच. ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलोर दोन्ही चालू असताना शी डांबरासारखी काळी दिसली तर लाजून लपवायचं नाही, हे मामांना तुम्हीच सांगा, माझं ऐकणार नाहीत.)

परत तपासणी: 4 आठवड्यांनी, 15 मार्च 2025, किंवा राहत्या ठिकाणच्या हृदयाच्या डॉक्टरकडं. येताना हा कागद, अँजिओग्राफीची सीडी आणि स्टेंटचं कार्ड आणावं.
माझी टीप: गोळ्या पण त्याच सुमारास संपतात, त्यामुळं 10 मार्चच्या आत बेळगावची अपॉइंटमेंट घ्या. स्टेंटचं कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्ये आहे, मी स्वतः ठेवलंय.

दा नांग, 15 फेब्रुवारी 2025. उपचार करणारे डॉक्टर: सही. विभागप्रमुख: सही आणि लाल गोल शिक्का.