दीड मार्काचा फरक

पुण्यात शास्त्री रोडच्या आमच्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत निकाल लागला की दहा मिनिटांत कट-ऑफची पीडीएफ सगळ्यांच्या मोबाईलवर, आणि मग खाली टपरीवर तोच वाद. परवा माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा दीड मार्काने राहिला, त्याच्याहून कमी मार्क असलेला मागच्या रांगेतला आरक्षणातून लागला. "मेरिटला काय किंमतच नाय राहिली राव," शेजारचा म्हणाला. त्याचं दुःख खरंय, पण वाक्य मला पटत नाही.

मेरिट म्हणजे कष्टाचं बक्षीस असं आपण धरून चालतो. खरं तर परीक्षेला एवढंच बघायचं असतं की हे काम कोणाला नीट जमेल, आणि तेही अंदाजानेच. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स तर म्हणतो की बुद्धी, घरचं वातावरण, अगदी कष्ट करायची सवयसुद्धा बऱ्यापैकी नशिबाने मिळते, मग त्यावर नैतिक हक्क कसला? मला हे जरा टोकाचं वाटतं (तसं असेल तर पहाटे सहाला जागा धरायला कोण येईल?) पण अर्धं पटतं. मागच्या रांगेतला रात्री एटीएमवर वॉचमन, सकाळी लाल डोळ्यांनी लक्ष्मीकांतचं राज्यघटनेवरचं पुस्तक उघडून बसायचा. शेजारच्याचे वडील प्राध्यापक, त्याच्या घरी जेवतानासुद्धा राज्यघटनेवर गप्पा.

आता लगेच कुणीतरी म्हणणार, मग आर्थिक निकषावर द्या की! इथेच गल्लत होते. गरिबीला स्कॉलरशिप, होस्टेल, फीमाफी हे उपाय आहेत. आरक्षणाचा प्रश्न वेगळा, खुर्चीवर कोण बसतं हा. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला करवीर संस्थानात ५० टक्के जागा मागासांसाठी ठेवल्या त्या दरबारच्या नोकऱ्या ठराविक जातींच्याच हातात होत्या म्हणून, आणि राज्यघटनेचं कलम १६(४) सुद्धा पुरेशा प्रतिनिधित्वाचंच बोलतं. म्हणून २०१९ चं उत्पन्नावरचं १० टक्के आरक्षण कोर्टात ३ विरुद्ध २ ने टिकलं तरी तत्त्व म्हणून मला लंगडंच वाटतं.

पण प्रतिनिधित्व म्हटलं की आपल्यालाही अडचणीचा प्रश्न येतोच, नेमकं कुणाचं? पिढ्यानपिढ्या त्याच चार घरांतली पोरं लागत असतील तर बाकीच्यांचं काय? ओबीसींना क्रीमी लेयर, म्हणजे त्यांच्यातल्या पुढारलेल्या घरांना वगळायचा नियम, लावायला सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये सांगितलं, आणि अनुसूचित जातींत उपवर्गीकरण, म्हणजे त्यांच्यातल्या जास्त मागे राहिलेल्यांना वेगळा वाटा, करायला २०२४ मध्ये ६ विरुद्ध १ ने वाट मोकळी केली. आमच्या ग्रुपवर यावरून जाम भांडणं झाली, मी उपवर्गीकरणाच्या बाजूने होतो आणि शिव्या खाल्ल्या.

हे सगळं मी टपरीवर ऐकवलं. शेजारच्याने शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाला, "बरोबर असेल रे, पण जात काय मी बनवली नाय, मग किंमत मीच का मोजायची?" तो दोषी आहे म्हणून नाही, जागाच मोजक्या आहेत म्हणून, एवढंच मला सुचलं. त्याचं काही समाधान झालं नाही. चहाचे पैसे मी दिले.