मृणाल, मला गिऱ्हाईक करू नकोस

मृणाल,

हे फोनवर बोलायचं मी दोनदा ठरवलं होतं. पण तुझा आवाज ऐकला की धीर सुटतो आणि मी पुन्हा ‘बघते, सांगते’ म्हणून मोकळी होते. म्हणून लिहितेय. निवांत असशील तेव्हा वाच.

तुझ्या कंपनीच्या वस्तू मी यापुढे घेणार नाही आणि तुझ्या टीममध्येही येणार नाही. ‘आत्ता नको, पुढच्या महिन्यात बघू’ असं नाही, कधीच नाही. हे पहिल्याच वेळी सांगायला हवं होतं. न सांगता तुला आशेवर ठेवलं, ती माझी चूक.

पहिले दोन डबे मी घेतले ते तुझ्यासाठी. काहीतरी नवीन सुरू केलंयस, पाठीशी उभं राहायला हवं, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या डब्याचं सील अजून तसंच आहे, कपाटात वरच्या कप्प्यात. मग दर महिनाअखेरीला तुझा मेसेज येऊ लागला, ‘पॉइंट्स थोडे कमी पडतायत गं, एक छोटी ऑर्डर टाकतेस?’ आता महिना संपत आला आणि फोनवर तुझं नाव दिसलं की पोटात गोळा येतो. तुझं नाव बघून, मृणाल! हॉस्टेलमध्ये रात्री तीनला मी ज्या एकीला हक्काने उठवायचे, ती तू.

सगळ्यात जास्त लागलं ते आईच्या ऑपरेशनच्या वेळचं. त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात बसून तुला फोन केला होता. मला नुसतं बोलायचं होतं. तू दोन मिनिटं ऐकलंस आणि म्हणालीस, ‘आपल्याकडे सांध्यांसाठी फार छान प्रॉडक्ट आलंय, काकूंना सुरू करूया.’ मी ‘हो’ म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. तुझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुझा त्या वस्तूंवर विश्वास आहे. पण त्या रात्री तू मला भेटलीच नाहीस.

आईबद्दल मात्र स्पष्टच सांगते. नंतर तू तिला परस्पर फोन केलास आणि ‘हे घ्यायला लागलात की बीपीच्या गोळ्या हळूहळू सुटतील’ म्हणालीस. ती तुला लेकीसारखी मानते, तुझा शब्द तिला पटतो. तिने दोन दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. पाकिटात गोळ्या शिल्लक दिसल्या म्हणून मला कळलं. ही गोळी अशी मनानेच बंद केली तर बीपी पुन्हा चढतं, आणि बरेचदा माणसाला ते जाणवतही नाही. मी किती घाबरले होते, तुला कल्पना नाही. आईशी हवं तेवढं बोल, तिला आवडतं. पण वस्तूंबद्दल आणि औषधांबद्दल एक शब्दही नको. यात मी मागे हटणार नाही.

तुझ्या ग्रुपमधून मी आज बाहेर पडतेय. रागाने नाही. तुझ्या त्या शंभर नावांच्या यादीतून माझं नाव काढ. आणि ‘सहज भेटूया’ म्हणून बोलावून मीटिंगला नेऊ नकोस. त्या दिवशी मी तुझ्यासाठी सुट्टी काढून आले होते आणि समोर तीन अनोळखी माणसं लॅपटॉप उघडून बसलेली.

त्या सरांनी कागदावर गोल काढले होते, आठवतं? तू सहाजणांना आण, ते प्रत्येकी सहा आणतील. घरी येऊन मी कॅल्क्युलेटरवर गुणत गेले. १३व्या पायरीला १३०० कोटींहून जास्त माणसं लागतात. जगात तेवढी माणसंच नाहीत. म्हणजे कुणीतरी माल घेऊन तळाला अडकणारच, आणि ते तू असू नयेस असं मला वाटतं. हे तुला हरवायला म्हणत नाही. काय करायचं ते तूच ठरव. कधी आतापर्यंतचा खर्च आणि हातात आलेले पैसे वहीत मांडून बघावंसं वाटलं, तर मी शेजारी बसेन आणि कुणालाही सांगणार नाही. पैशांची ओढाताण असेल तर तेही सरळ सांग. ऑर्डरच्या आडून नको.

तू मला पूर्वीसारखी हवी आहेस. तुझ्या लेकाचं शाळेत काय चाललंय, तुझी पाठ अजून दुखते का, तू पुन्हा गायला लागलीस का, यातलं गेल्या वर्षभरात मला काहीच माहीत नाही. तुझ्या नव्या ऑफर मात्र सगळ्या पाठ आहेत.

वाचून राग आला तर ये. खरंच, भांडायलाही ये. रविवारी संध्याकाळी मी घरीच आहे. फक्त ती पिशवी घरी ठेवून ये.

तुझी,
अनू