नकळत उरलेल्या खुणा : धार्मिक ग्रंथांच्या कालनिश्चितीत भाषिक, अंतर्गत आणि हस्तलिखित पुराव्यांची तुलना

सारांश : धार्मिक ग्रंथाचा काळ ठरवताना भाषा, ग्रंथातले उल्लेख आणि उपलब्ध पोथ्या यांतून निघणारी वर्षे क्वचितच जुळतात. अशा वेळी मधला कुठला तरी आकडा स्वीकारण्याची सवय अभ्यासकांत दिसते. हे तीन पुरावे तीन वेगळ्या घटनांचा काळ सांगतात, म्हणून त्यांची सरासरी काढता येत नाही, असे या निबंधात मांडले आहे. शिवाय तिन्ही प्रकारांत एक भेद सारखाच आढळतो. कर्त्याने, संपादकाने किंवा लेखनिकाने हेतुपुरस्सर केलेला कालदर्शक दावा वेगळा आणि त्याच्या नकळत राहून गेलेली खूण वेगळी. दुसरीचे वजन जास्त धरावे.

१. प्रश्न नेमका कशाचा?

‘हा ग्रंथ केव्हाचा?’ या प्रश्नात किमान तीन प्रश्न दडलेले असतात : रचना केव्हा झाली, आज वाचतो तो पाठ केव्हा स्थिरावला आणि हातातली प्रत केव्हा उतरवली गेली. पोथी तिसऱ्याचे उत्तर देते आणि रचनेला फक्त उत्तरसीमा घालून देते, म्हणजे रचना पोथीनंतरची असू शकत नाही एवढेच सांगते. अंतर्गत उल्लेख, तो ज्या थरात आहे त्या थराला पूर्वसीमा घालतो, म्हणजे तो थर उल्लेखिलेल्या गोष्टीच्या आधीचा असू शकत नाही. भाषेचा कौल रचनेकडेही बोट दाखवू शकतो आणि नंतरच्या संस्करणाकडेही.

ऋग्वेदाच्या बाबतीत हे अंतर डोळ्यांत भरते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या संग्रहातल्या ऋग्वेदाच्या पोथ्यांपैकी सर्वांत जुनी दिनांकित पोथी इ. स. १४६४ ची आहे. भाषा मात्र तिच्या दोन हजारांहून अधिक वर्षे मागे नेते. इथे पोथीचे साल रचनेविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण संहिता मौखिक परंपरेने टिकली. याउलट स्कंदपुराणाची नेपाळमधली ताडपत्रावरची पोथी इ. स. ८१० ची आहे. तिच्यातला पाठ सात खंडांच्या छापील स्कंदपुराणाहून इतका निराळा आहे की दोन्हींना एकच नाव देणेही अवघड वाटावे. इथे पोथीने ग्रंथाचा इतिहासच नव्याने लिहायला लावला.

२. भाषिक पुरावा : छंदाने राखलेले आणि मुद्दाम माळलेले

ऋग्वेदातलाच एक शब्द जवळून पाहू. सातव्या मंडलाच्या ४९ व्या सूक्तात जलदेवतांविषयी पाद येतो : ‘समुद्रार्था याः शुचयः पावकाः’. अकरा अक्षरांचा हा त्रिष्टुभ पाद आहे आणि त्रिष्टुभाच्या शेवटच्या चार अक्षरांचा क्रम गुरू, लघू, गुरू आणि शेवटी कोणतेही, असा असतो. संहितेतल्या ‘पावकाः’ने नववे अक्षर गुरू आणि दहावे लघू होते, म्हणजे छंद मोडतो. ‘पवाकाः’ असे म्हटले की तो बिनबोभाट जुळतो. इतरत्रही या शब्दाबाबत छंदाची मागणी हीच आहे. सूक्त रचणाऱ्याच्या तोंडी ‘पवाक’ होते. पुढच्या पाठकांनी आपल्या काळच्या उच्चाराप्रमाणे ‘पावक’ केले आणि या बदलाने छंद बिघडला हे त्यांच्या लक्षात आले नाही, किंवा आले तरी त्यांना त्याचे काही वाटले नाही. एका शब्दात दोन काळ सापडतात : अक्षरांत संस्करणाचा, छंदात रचनेचा. जुनेपणा दाखवायचा असता तर तो कोणी अशा ठिकाणी लपवला नसता, आणि म्हणूनच ही खूण भरवशाची.

याच्या अगदी उलट प्रकार भागवत पुराणात दिसतो. पहिल्याच श्लोकाचा शेवट ‘सत्यं परं धीमहि’ असा आहे आणि बाराव्या स्कंधाच्या अखेरीस तीच शब्दयोजना पुन्हा येते. ‘धीमहि’ हे रूप वैदिक, पण ते गायत्री मंत्रातले, म्हणजे ग्रंथ ऐकणाऱ्या बहुतेकांच्या जिभेवर असलेले. आपला ग्रंथ वेदाच्या पंक्तीला बसावा म्हणून कर्त्याने वैदिक वळणाची रूपे ठिकठिकाणी माळली आहेत. या आर्षतेकडे वान बाउटेनेन यांनी १९६६ मध्येच लक्ष वेधले होते. अशा रूपांची मोजदाद करून ग्रंथ प्राचीन ठरवणे म्हणजे नाटकातल्या राजाच्या मुकुटावरून नटाचे घराणे ठरवण्यासारखे आहे. त्याच ग्रंथाच्या अकराव्या स्कंधात, कलियुगातले नारायणभक्त द्रविड देशात विपुल असतील, असे म्हणून ताम्रपर्णी, कृतमाला, पयस्विनी, कावेरी या नद्या मोजल्या आहेत. तमिळ आळवारांची भक्ती डोळ्यांसमोर असल्याशिवाय हे भाकीत सुचणे कठीण. भाषा मागे ओढते, आशय पुढे आणतो. इथे मी आशयाच्या बाजूने कौल देतो, कारण भाषेचा जुनेपणा प्रदर्शनीय आहे आणि नद्यांची यादी नाही.

तेव्हा भाषिक पुरावा वापरताना रूप जुने आहे का, एवढे विचारून भागत नाही. ते रूप नंतरच्या माणसाला ठाऊक असण्यासारखे होते का, हेही विचारावे लागते.

३. अंतर्गत पुरावा : चुकलेले भाकीत

अंतर्गत पुराव्याचा आदर्श नमुना म्हणजे हिब्रू बायबलमधला दानिएलचा ग्रंथ. त्याची कथा इ. स. पू. सहाव्या शतकात, बाबिलोनमधल्या निर्वासनात घडते. अकराव्या अध्यायातली भाकिते मात्र अलेक्झांडरनंतरच्या राजांची युद्धे बारकाईने सांगत चौथ्या अँटिओकसपर्यंत येतात. इ. स. पू. १६७ मध्ये त्याने जेरुसलेमच्या मंदिराचा विटाळ केला, तोही त्यात आहे. त्यानंतर अध्यायाच्या शेवटी तो समुद्र आणि पवित्र पर्वत यांच्यामध्ये तळ ठोकून तिथेच संपेल असे म्हटले आहे. प्रत्यक्षात तो इ. स. पू. १६४ मध्ये पर्शियाच्या बाजूला मेला. भाकीत अचूक असण्याचे थांबते तिथे लेखणीचा वर्तमानकाळ आहे. हा युक्तिवाद इ. स. तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी या तत्त्वज्ञाला सुचला होता आणि आजवर त्यात फारशी भर घालावी लागलेली नाही.

यात बळकट काय आहे ते पाहण्यासारखे आहे. बरोबर निघालेल्या भाकितांवरून फक्त संशय येतो. चुकलेले भाकीत साल देते, कारण चूक कोणी मुद्दाम करत नाही.

याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातल्या वाद्यांच्या यादीत तीन ग्रीक नावे आहेत. ती अलेक्झांडरनंतरचीच असली पाहिजेत, असा दावा पुष्कळदा होतो. तो मला पुरेसा वाटत नाही. वाद्ये व्यापाऱ्यांबरोबर आणि भाडोत्री सैनिकांबरोबर आधीही फिरत होती, आणि वस्तू गेली की नाव मागोमाग जाते. इथे भाषिक पुरावा अंतर्गत पुराव्याशी जुळतो, पण त्याला सिद्ध करत नाही. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत या ग्रंथाच्या आठ प्रतींचे तुकडे सापडले. त्यांतल्या सर्वांत जुन्याचे वळण इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे मानले गेले, म्हणजे रचना आणि प्रत यांत फार तर दोन पिढ्यांचे अंतर राहते. मात्र हे सारे उत्तरार्धाला लागू आहे. अरमाईकमधल्या दरबारी कथा त्याआधीपासून फिरत असाव्यात, आणि संपूर्ण ग्रंथाला एकच साल चिकटवणे इथेही चूकच ठरते.

भविष्यपुराणात हा प्रश्न विनोदी टोकाला जातो. या नावाच्या पुराणाचा हवाला आपस्तंब धर्मसूत्रात मिळतो, आणि छापील भविष्यपुराणाच्या प्रतिसर्गपर्वात ‘रविवारे च सण्डे च फाल्गुने चैव फर्वरी’ अशी ओळ आहे. नाव एक, पण मजकुराच्या दोन टोकांत दोन हजार वर्षे.

४. हस्तलिखित पुरावा : साल कशाचे?

रेडिओकार्बन चाचणीने हा पुरावा नैसर्गिक विज्ञानाइतका पक्का झाला, अशी समजूत रुळली आहे. बर्मिंगहॅमच्या कुराणाच्या दोन पानांचे चर्मपत्र ९५.४ टक्के संभाव्यतेने इ. स. ५६८ ते ६४५ या काळातले ठरले. चाचणीने सांगितले ते जनावर केव्हा मेले एवढेच. शाई त्यावर केव्हा चढली हा प्रश्न वेगळा आणि तो लिपीच्या वळणावरून सोडवावा लागतो. वळणाची मर्यादा योहानच्या शुभवर्तमानाच्या पी ५२ या पपायरसच्या तुकड्याने दाखवली आहे. १९३५ मध्ये रॉबर्ट्स यांनी तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला. २००५ मध्ये नाँगब्री यांनी त्याच वळणाचे नमुने पुन्हा तपासून दुसऱ्या शतकाची अखेर आणि तिसऱ्याचा आरंभही शक्य असल्याचे दाखवले. तुकडा तोच, अक्षरे तीच.

पोथीच्या अखेरीस लेखनाची नोंद करणाऱ्या पुष्पिकेबाबतही सावध राहावे लागते. लेखनिक समोरच्या प्रतीची पुष्पिका सालासकट उतरवून घेतो, हे पोथ्या हाताळणाऱ्या कोणालाही नवे नाही.

५. ज्ञानेश्वरी : तिन्ही पुरावे एकत्र

ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणारी ओवी सर्वपरिचित आहे : ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥’ शके १२१२ म्हणजे इ. स. १२९०. हा दावा आहे, खूण नव्हे. जवळच ‘तेथ यदुवंशविलासु । जो सकळकळानिवासु । न्यायातें पोषी क्षितीशु । श्रीरामचंद्रु ॥’ अशी ओवी येते आणि रामचंद्र यादवाची कारकीर्द १२७१ ते १३११ असल्याने मेळ बसतो. तरी दोन्ही ओव्या समारोपातच असल्याने त्यांना दोन स्वतंत्र साक्षीदार मानताना हात आखडता घ्यावा.

दुसरे साल एकनाथांचे. प्रत शुद्ध केल्याच्या ओवीत शके १५०६ बरोबर तारण संवत्सराचे नाव आहे. हे ताडून पाहता येते : शकात १२ मिळवून ६० ने भागले की १८ उरतात आणि प्रभवापासून अठरावे संवत्सर तारणच येते. आकडा आणि नाव वेगवेगळ्या मार्गांनी एकाच वर्षावर, म्हणजे इ. स. १५८४ वर येतात. नकलेत एक चुकले असते तर दुसऱ्याने ते उघडे पाडले असते. बाराशे बाराच्या ओवीत संवत्सर नाही, त्यामुळे तिला ही कसोटी लावता येत नाही.

आता भाषा. प्रचलित प्रतींचा पाठ बहुतांशी एकनाथी शुद्धीतून आलेला. त्यामुळे त्यात दिसणारी नवी रूपे मोजून ग्रंथ उशिराचा म्हणणे चूक आहे. ती रूपे १५८४ ची किंवा त्यानंतरच्या लेखनिकांची असू शकतात. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व समजून प्रसिद्ध केलेल्या प्रतीतल्या जुन्या रूपांना उलट बाजूने हाच प्रश्न विचारावा लागतो : ती टिकलेली आहेत की कोणी जुनी करून घातलेली? त्रिष्टुभाने जसा ‘पवाक’ जपला तशी राखण ओवी करू शकत नाही, कारण तिची अक्षरसंख्या लवचिक आहे. राहते ते यमक. पण तेही वाटते तितके कडक नाही. ‘विलासु, निवासु, क्षितीशु’ यांचे एकदम ‘विलास, निवास, क्षितीश’ केले तरी यमक शाबूत राहते. जुनी रूपे जुळत होती आणि नवी केल्यावर जुळत नाहीत, अशा ओव्या शोधून काढल्या तरच यमकाची साक्ष उपयोगी पडते. अशा ओव्यांची यादी करून ती राजवाडे प्रतीशी आणि एकनाथी पाठाशी ताडली, तर कोणत्या प्रतीचा जुनेपणा अंगचा आणि कोणत्या प्रतीचा पांघरलेला, हे पुष्पिकेवर विसंबून न राहता तपासता येईल. पहिल्या सहा अध्यायांपुरते हे काम प्रस्तुत लेखकाने हाती घेतले आहे.