सुधारित घटना अहवाल: जिनिंगमधील कापसाच्या गंजीला लागलेली आग

दि. २७ मार्च २०२५
मु. धरणगाव, जि. जळगाव

प्रति,
मा. दावा अधिकारी, अग्निविमा विभाग

आपण २१ मार्चच्या पत्राने आमचा ८ मार्चचा अहवाल परत केला. 'दुपारी आग लागली, बराच कापूस जळाला, शॉर्टसर्किट असावे' एवढ्यावर दावा ठरवता येत नाही, हा आपला आक्षेप मान्य आहे. तो अहवाल मागे घेऊन हा सादर करत आहोत.

मंगळवार, ४ मार्च २०२५. दुपारी ३.१० वाजता प्री-क्लीनरमधून साफ झालेला कापूस ज्या गंजीवर पडतो, त्या गंजीतून धूर निघताना फिटरने पाहिला. त्याने लगेच मेन स्विच पाडला. ३.१६ ला नगरपालिकेच्या अग्निशमन दलाला फोन केला, ३.४१ ला बंब आला आणि ५.०५ ला आग विझली.

रात्री ११.२० ला तीच गंज पुन्हा पेटली. कापूस आतून धुमसत राहतो. वरून कितीही पाणी मारले तरी गंज फोडून पसरल्याशिवाय ठिणगी मरत नाही, आणि संध्याकाळी निम्मीच गंज फोडून झाली होती. दुसरा बंब ११.५० ला आला. पहिल्या अहवालात हे राहून गेले, म्हणून दलाच्या दाखल्यावर दोन वर्द्या आणि आमच्याकडे एकच आग, अशी तफावत आपल्याला दिसली.

शॉर्टसर्किट हा आमचा निव्वळ अंदाज होता. पॅनेलमधील वायर, फ्यूज, मोटरचे टर्मिनल शाबूत आहेत. ५ मार्चला सर्व्हेअरांसमोर प्री-क्लीनर उघडला, तेव्हा बीटरच्या जाळीत १२ मि.मी.चा लोखंडी बोल्ट अडकलेला सापडला. ट्रॉलीच्या फाळक्याला असतो तसला. डोक्यावर ताजे घासल्याचे चरे आहेत. त्याच्या ठिणगीने कापूस पेटला. बोल्ट सीलबंद करून ठेवला आहे.

साठ्याचा हिशेब असा: सकाळची शिल्लक ४१२ क्विंटल, त्या दिवशी काट्यावर आलेला ८६, जिनिंगला लागलेला १२४; म्हणजे आगीच्या वेळी ३७४ क्विंटल. ५ मार्चला चांगला कापूस २५१ क्विंटल भरला. भिजलेला-होरपळलेला ओला असताना ४१ क्विंटल होता, पण ओल्या वजनात पाणीच मोजले जाते. तो उन्हात वाळवून ८ मार्चला पुन्हा तोलला, ३४ क्विंटल भरला. म्हणून पूर्ण जळालेला कापूस ८९ क्विंटल.

खरेदी पावत्यांचा सरासरी दर ७,०५० रुपये. जळालेल्याचे ६,२७,४५० रुपये. होरपळलेला माल सर्व्हेअरांच्या लेखी संमतीने १५ मार्चला ३,२०० रुपये दराने विकला, त्यातली तूट १,३०,९०० रुपये. एकूण मागणी ७,५८,३५० रुपये. रुई, सरकी, गाठी यांना धक्का लागलेला नाही.

सोबत: अग्निशमन दलाचा दाखला, काटा पावत्या, साठा नोंदवहीच्या ३ व ४ मार्चच्या पानांच्या प्रती, खरेदी व विक्रीची बिले, बोल्ट व पॅनेलचे फोटो.

व्यवस्थापक
(फिटर व साठा लेखनिक यांचे सही केलेले जबाब जोडले आहेत.)