बस क्रमांक ३ च्या मार्गात बदल करण्याबाबत विनंती

प्रति,
माननीय मुख्याध्यापिका

विषय : बस क्रमांक ३ चा सकाळचा व दुपारचा मार्ग बाह्यवळण रस्त्याने नेण्याबाबत

महोदया,

बस क्रमांक ३ ने शाळेत येणाऱ्या ३४ विद्यार्थ्यांच्या पालकांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. ही बस सध्या बाजार चौक आणि रेल्वे फाटक ओलांडून येते. तिने त्याऐवजी जुन्या वसाहतीपासून बाह्यवळण रस्ता धरावा आणि सकाळी शाळेच्या मागील, म्हणजे मैदानाकडील फाटकातून आत यावे, अशी आमची विनंती आहे. ती करण्यापूर्वी आम्ही दोघा पालकांनी शाळेचे सलग १० दिवस बसच्या वेळा टिपल्या असून, खालील आकडे त्या नोंदींतले आहेत.

सध्याची बस सकाळी ६.०५ ला पाण्याच्या टाकीपासून निघते व जुनी वसाहत, बाजार चौक, टपाल कार्यालय आणि नदीपूल असे थांबे घेत १४.२ किलोमीटर अंतर कापून शाळेत येते. वेळापत्रकाप्रमाणे ती ६.५३ ला पोहोचायला हवी. प्रत्यक्षात १० दिवसांची सरासरी ६.५८ भरली. हा फरक जवळजवळ सगळा रेल्वे फाटकाचा आहे. १० पैकी ७ दिवस फाटक बंद मिळाले आणि त्या दिवशी बस अनुक्रमे ४, ६, ७, ७, ८, ९ व ११ मिनिटे उभी राहिली. शाळेची घंटा ७ वाजता होते. म्हणजे शेवटच्या तीन वेळी मुले घंटेनंतर आत आली. उशिराच्या नोंदवहीत त्यांची नावे लागली, यात चालकाचा किंवा मुलांचा काही दोष नव्हता, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

फाटक उघडे असले तरी बाजार चौक सोपा नाही. त्या वेळी तेथे मालाचे ट्रक रिकामे होत असतात आणि एका बाजूचा रस्ता अडलेला असतो. जुनी वसाहत ते टपाल कार्यालय हे ४.५ किलोमीटरचे अंतर कापायला बसला सरासरी २३ मिनिटे लागतात. बाह्यवळण रस्त्याने हेच अंतर ३.५ किलोमीटर आहे आणि तेथे रेल्वेमार्गावर उड्डाणपूल असल्याने फाटकाचा प्रश्न उरत नाही. आम्ही त्याच वेळी तीन दिवस आपल्या मोटारीने या रस्त्याने जाऊन पाहिले. ८, ९ आणि ८ मिनिटे लागली. बस मोटारीपेक्षा हळू चालते आणि वाटेत एक थांबा घेईल, हे लक्षात घेऊन आम्ही १२ मिनिटे धरली आहेत. म्हणजे येथे ११ मिनिटे वाचतात.

दुसरी बचत शाळेजवळची आहे. मुख्य फाटकाकडे वळण्यासाठी बसला दुभाजकामुळे पुढे जाऊन उलट फिरून यावे लागते. मैदानाकडील फाटक सकाळी १५ मिनिटे उघडले आणि तेथे एक रक्षक उभा राहिला, तर ०.९ किलोमीटर आणि ३ मिनिटे वाचतील. हा निर्णय सर्वस्वी आपल्या हातातला आहे. रक्षकाची सोय होत नसेल तरी बाह्यवळणाचा बदल त्यावाचून करता येईल, फक्त एकूण बचत १४ ऐवजी ११ मिनिटे राहील.

दोन्ही बदल मिळून सकाळचा मार्ग १२.३ किलोमीटरचा आणि ३९ मिनिटांचा होतो. सुचवलेले वेळापत्रक असे आहे :

पाण्याची टाकी – ६.१५
जुनी वसाहत – ६.२३
ग्रंथालय (नवा थांबा) – ६.२८
टपाल कार्यालय – ६.३५
नदीपूल – ६.४५
शाळा – ६.५४

हा लाभ सर्वांना सारखा नाही. टाकीचे ७ आणि वसाहतीचे ९ विद्यार्थी यांचा प्रवास प्रत्येकी १४ मिनिटांनी कमी होईल. त्यातली १० मिनिटे त्यांना घरी मिळतील, आणि पहाटे साडेपाचला उठणाऱ्या मुलांसाठी ती थोडी नाहीत. टपाल कार्यालयाचे ६ आणि नदीपुलाचे ८ विद्यार्थी बसमध्ये केवळ ३ मिनिटे कमी बसतील. त्यांचा खरा फायदा निश्चित वेळेचा आहे. आज टपाल कार्यालयाच्या थांब्यावर बस ६.३१ पासून ६.४२ पर्यंत केव्हाही येते, आणि मुलांना मात्र पावसाळ्यातही ६.३१ पासून उभे राहावे लागते.

ज्यांना गैरसोय होणार आहे, ते बाजार चौकाचे ४ विद्यार्थी. त्यांचा थांबा ३५० मीटर दूर, ग्रंथालयाजवळ जाईल. ५ मिनिटांचे चालणे धरूनही त्यांचा एकूण वेळ ३७ वरून ३१ मिनिटांवर येतो. परंतु बसमध्ये बसणे आणि अंधारात चालणे ही एकाच मापाने मोजण्याची गोष्ट नाही, हे आम्ही जाणतो. चारपैकी तीन कुटुंबांची संमती आहे. चौथ्या कुटुंबातले मूल पहिलीत असून, त्याला सोबत असल्याशिवाय पाठवणार नाही, असे त्याच्या आईचे म्हणणे आहे आणि ते योग्य आहे. त्यामुळे चौकातून चारही मुलांना थांब्यापर्यंत नेण्याची जबाबदारी आम्ही पालकांनी पाळीपाळीने घेतली आहे. थांबा बाह्यवळणाच्या सेवारस्त्यावर, वस्तीच्याच बाजूला असल्याने मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. तेथील पथदिव्यांपैकी एक बंद आहे. तो दुरुस्त करण्यासाठी आम्ही स्थानिक प्रशासनाकडे अर्ज दिला आहे आणि दिवा लागेपर्यंत मार्ग बदलू नये, असे आमचेही मत आहे.

एवढे करूनही ही व्यवस्था आपल्याला पुरेशी वाटली नाही, तर बस वसाहतीतून चौकात जाऊन ग्रंथालयाकडे परत येऊ शकेल. त्याने ०.७ किलोमीटर आणि ४ मिनिटे वाढतील, म्हणजे १० मिनिटांची बचत तरीही शिल्लक राहील. ट्रकांच्या गर्दीत बस पुन्हा नेणे आम्हाला तितकेसे पसंत नाही, पण मूल मागे राहण्यापेक्षा ते बरे.

दुपारी फाटकावर कमी वेळ जातो आणि शाळेतून निघताना बस मुख्य फाटकातूनच योग्य दिशेला लागते. त्यामुळे परतीच्या मार्गात १ किलोमीटर आणि, आमच्या अंदाजाने, सुमारे ७ मिनिटेच वाचतील. दिवसाकाठी बस एकूण २.९ किलोमीटर कमी धावेल. शाळेचे २०० दिवस धरले तर ५८० किलोमीटर. यावरून बसशुल्कात सवलत मागण्याचा आमचा हेतू नाही.

बसचालकांशी आम्ही बोललो आहोत. ग्रंथालयाजवळचे वळण मोठ्या बसला पुरेसे रुंद आहे, असे त्यांनी सांगितले. मात्र मार्ग बदलण्यास शाळेचे लेखी पत्र ठेकेदाराला मिळणे आवश्यक आहे. आपण हा प्रस्ताव परिवहन समितीच्या पुढील बैठकीत ठेवावा आणि समितीला मान्य झाल्यास पथदिवा सुरू झाल्यानंतरच्या सोमवारपासून दोन आठवडे नवा मार्ग चालवून पाहावा, ही विनंती. त्या काळात प्रत्येक थांब्यावरच्या वेळा आम्ही टिपू आणि त्या, आमच्या अंदाजापेक्षा वाईट आल्या तरी, जशाच्या तशा आपल्याकडे देऊ. बैठकीत माहिती देण्यासाठी आमच्यापैकी दोघे हजर राहू शकतील.

कळावे.

आपली विश्वासू,
पालक प्रतिनिधी, बस क्रमांक ३

सोबत : १० दिवसांच्या वेळांची नोंद, दोन्ही मार्गांचा नकाशा, ३३ पालकांच्या सह्या आणि बाजार चौकातील एका पालकांचे स्वतंत्र निवेदन