रुपया वधारला की सगळ्यांचंच भलं होतं का? ठाणे-नवी मुंबईकरांचे प्रश्न आणि उत्तरं

आमच्या ठाण्यातल्या ग्राहक मंडळाच्या बैठकीत रुपया-डॉलर हा विषय ठेवला होता. चिठ्ठ्यांवर आलेल्या प्रश्नांना वेळेअभावी तिथे नीट उत्तरं देता आली नाहीत, म्हणून ती इथे लिहून देत आहे. वाशीच्या एका बँकेत परकीय चलनाच्या विभागात काम करताना निर्यातदार आणि आयातदार दोघंही रोज समोर बसायचे. एकाला रुपया वर जायला हवा असायचा, दुसऱ्याला खाली. उदाहरणांतले भाव हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

रुपया मजबूत झाला, असं नेमकं कधी म्हणायचं?

एका डॉलरला काल ८६ रुपये मोजावे लागत होते आणि आज ८४ लागले, तर रुपया वधारला. नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही. एका डॉलरला दीडशेच्या आसपास येन पडतात, म्हणून जपानची अर्थव्यवस्था आपल्यापेक्षा दुबळी ठरत नाही. पाहायचं ते इतकंच, की चलन कुठून कुठे गेलं, किती दिवसांत गेलं आणि कशामुळे गेलं. यातलं तिसरं सर्वांत महत्त्वाचं, आणि बातम्यांत नेमकं तेच राहून जातं.

१९४७ मध्ये एक रुपया म्हणजे एक डॉलर होता ना?

नाही. हे मोबाइलवर फिरणारं खोटं आहे. तेव्हा रुपया ब्रिटिश पौंडाला बांधलेला होता. एका पौंडाला सुमारे १३ रुपये ३३ पैसे आणि त्याच पौंडाला चार डॉलरहून थोडे जास्त, म्हणजे डॉलर साधारण ३ रुपये ३० पैशांना पडत होता. १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाचंही अवमूल्यन झालं आणि डॉलर ४.७६ वर गेला. ६ जून १९६६ ला तो ७.५० झाला.

माझं वागळे इस्टेटमध्ये कपडे शिवायचं छोटं युनिट आहे. रुपया वधारला की माझं नुकसान होतं, पण घरच्यांना ते पटत नाही. कसं सांगू?

त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडा. समजा, २०,००० डॉलरची ऑर्डर घेतली तेव्हा डॉलर ८६ होता. हातात येणार १७ लाख २० हजार. कापड, मजुरी, वीज, भाडं आणि गाडीभाडं मिळून खर्च १६ लाख. उरणार १ लाख २० हजार. माल गेला, पैसे यायला तीन महिने लागले आणि तोवर डॉलर ८२ वर आला. आता मिळाले १६ लाख ४० हजार. खर्च तेवढाच, कारण कारागिरांची मजुरी आणि विजेचं बिल रुपयांतच भरलंय. उरले ४० हजार.

डॉलर पाच टक्केसुद्धा उतरला नाही, पण नफ्याचे तीन भाग केले तर दोन गेले. ‘चार रुपयांनी काय होतंय’ म्हणणाऱ्यांना हे ताळेबंद दाखवल्याशिवाय कळत नाही. २००७ मध्ये डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता, तो वर्षभरात चाळिशीच्याही खाली आला. तेव्हा कापड आणि तयार कपड्यांच्या व्यवसायातले लहान निर्यातदार असेच भरडले गेले. परदेशी ग्राहकाला भाव वाढवून मागावा, तर तो सरळ बांगलादेशकडे किंवा व्हिएतनामकडे वळतो.

यावर उपाय आहे: बँकेकडे फॉरवर्ड करार करायचा. तीन महिन्यांनी येणारे डॉलर अमुक भावाने विकणार, हे आजच ठरवून टाकायचं. रुपया वधारला तरी तुम्हाला ठरलेला भाव मिळतो. घसरला तर वरचा फायदा हुकतो, आणि ते सोसावं लागतं. मोठ्या कंपन्यांत हे बघायला स्वतंत्र माणसं असतात. लहान युनिटचा मालक कटिंग मास्टरशी बोलणार, कापडाच्या व्यापाऱ्याला फोन करणार की डॉलर बघणार? म्हणूनच चलनाच्या चढउताराचा पहिला फटका लहानांना बसतो, आणि याची चर्चा पुरेशी होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग सगळ्याच निर्यातदारांचं नुकसान होतं?

सारखं होत नाही. औषधांच्या कारखान्याचं बघा. तो १०० डॉलरचा माल बाहेर पाठवतो, पण ५० डॉलरचा कच्चा माल चीनमधून आणतो. रुपया वधारला की त्याची आवक घटते तसा कच्चा मालही स्वस्त पडतो. फटका बसतो तो फक्त उरलेल्या ५० डॉलरना. हिरे बाहेरून आणून पैलू पाडणाऱ्यांचंही असंच. उलट ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांची कमाई बरीचशी डॉलरमध्ये आणि पगार रुपयांत, त्यामुळे तिथे वधारलेला रुपया थेट नफ्याला लागतो.

हापूसवाल्यांची अडचण आणखी वेगळी आहे. अमेरिकेत जाणाऱ्या आंब्यावर आधी विकिरण प्रक्रिया करावी लागते, आणि त्यासाठी वाशीला पणन मंडळाचं केंद्र आहे. हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. डॉलरचा भाव पटत नाही म्हणून कापडाचा तागा थोडा थांबवता येतो, पिकायला लागलेली पेटी थांबवता येत नाही.

मी वाशीच्या मसाला मार्केटमध्ये बदाम-पिस्त्याचा व्यापार करतो. रुपया वधारला की गिऱ्हाईक लगेच ‘भाव उतरवा’ म्हणतं. ते बरोबर आहे का?

अपेक्षा रास्त आहे, घाई तेवढी रास्त नाही. तुमचा लाखभर डॉलरचा कंटेनर न्हावाशेव्याला उतरला आणि डॉलर ८७ ऐवजी ८४ ने चुकता केला, तर तीन लाख वाचले. पण गोदामात पडलेला माल ८७ च्या भावाने घेतलेला असतो. तो संपेपर्यंत कोणी खाली विकत नाही. शिवाय ज्याने आधीच फॉरवर्ड करार केलाय, त्याला ८४ चा भाव मिळतच नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. रुपया घसरला की भाव आठवड्यात वाढतात आणि वधारला की महिना उलटला तरी उतरत नाहीत. गिऱ्हाइकाचा राग इथे आहे, आणि तो खरा आहे. ज्या मालात आयातदार पुष्कळ आहेत, तिथे चढाओढीने भाव लवकर खाली येतो. दोन-चार जणांच्याच हातात माल असला, की फायदा त्यांच्याकडेच राहतो. बऱ्याच मालावर सीमाशुल्क रुपयांतल्या किमतीवर टक्क्यांनी लागतं. तिथे किंमत उतरली की शुल्कही उतरतं, हेही गिऱ्हाइकाने लक्षात ठेवावं.

आयात स्वस्त झाली तर त्यात कोणाचं वाईट?

जो तोच माल इथे बनवतो, त्याचं. तळोजा एमआयडीसीतला रसायनाचा छोटा कारखाना एक रुपयाचीही निर्यात करत नसेल. तरी बाहेरचं रसायन स्वस्त झालं की त्याचं गिऱ्हाईक तिकडे जातं. अशा कारखानदाराला आपण चलनाच्या चर्चेत धरतच नाही. मात्र माल चीनचा असेल, तर रुपया युआनच्या तुलनेत कुठे आहे हेही पाहावं लागतं, नुसता डॉलर बघून भागत नाही.

रुपया वधारला तर महागाई कमी होते का?

होते, पण आपल्याला वाटते तेवढी नाही आणि सगळ्या वस्तूंची नाही.

आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो आणि त्याचे पैसे मुख्यतः डॉलरमध्ये मोजतो. त्यामुळे रुपया वधारला की तेल कंपन्यांचा खर्च उतरतो. पंपावरच्या भावात मात्र केंद्राचं उत्पादन शुल्क, राज्याचा व्हॅट आणि पंपचालकाचं कमिशन असतं. शिवाय कंपन्या कित्येकदा महिनोन्‌महिने भाव हलवत नाहीत. तेव्हा घोडबंदर रोडच्या पंपावर तो फरक तुम्हाला दिसेलच असं नाही.

खाद्यतेलाचंही तसंच. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाहून येतं, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलहून. पण सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. एवढ्या मोठ्या बदलापुढे डॉलरचे दोन रुपये इकडचे तिकडे झाले, तर ते पिशवीच्या किमतीत शोधूनही सापडत नाहीत.

टोमॅटो-कांद्याचा भाव पाऊस आणि आवक यांवर ठरतो. वाशीला गाड्या कमी आल्या की रुपया कितीही मजबूत असला तरी टोमॅटो महागणारच. खोलीचं भाडं, शाळेची फी, सलूनचे दर यांनाही डॉलरशी फारसं देणंघेणं नाही.

रिझर्व्ह बँकेने भाव कायम वरच धरून ठेवला तर?

तो धरायला डॉलर विकावे लागतात, आणि साठा संपतो. १९९१ मध्ये आपल्याकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. सोनं गहाण ठेवावं लागलं आणि जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन करावं लागलं. थायलंडने आपलं बाट डॉलरला सुमारे २५ च्या भावाने बांधून ठेवलं होतं. २ जुलै १९९७ ला ते सोडावं लागलं आणि काही महिन्यांत एका डॉलरला पन्नासहून जास्त बाट पडू लागले. भाव हलणारच नाही या भरवशावर डॉलरमध्ये कर्जं घेतलेल्या कंपन्या बुडाल्या. आपली रिझर्व्ह बँक ठरावीक भाव पकडून बसत नाही. मोठे हेलकावे आवरण्यासाठी बाजारात उतरते, आणि मला तेच योग्य वाटतं.

चलन खरोखरच मजबूत असलेल्या देशाला त्रास झालाय, असं एक तरी उदाहरण आहे?

स्वित्झर्लंड. तिथल्या मध्यवर्ती बँकेने २०११ पासून एका युरोला किमान १.२० फ्रँक, असा भाव राखला होता. फ्रँक आणखी वधारू नये म्हणून हा खटाटोप. १५ जानेवारी २०१५ ला तो अचानक सोडून दिला आणि फ्रँक एका दिवसात उसळला. निर्यात करणारे आणि हॉटेलवाले हवालदिल झाले. सीमेजवळचे लोक किराणा आणायला जर्मनीत जाऊ लागले. त्या वर्षी तिथली महागाई शून्याच्याही खाली, उणे १.१ टक्के होती. किमती उतरत असल्या की ग्राहकाला बरं वाटतं, दुकानदाराला आणि कारखान्याला नाही, आणि पगार शेवटी तिथूनच निघतो.

दुबई की जपान? डॉलर उतरला की कुठली सहल स्वस्त?

दुबई. दिरहम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर स्वस्त तर दिरहमही स्वस्त. जपानसाठी येनचा भाव वेगळा बघावा लागतो. कधी रुपया डॉलरपुढे घसरतो आणि येन त्याहून जास्त घसरतो, तेव्हा जपान उलट स्वस्त पडतं. नेपाळचा रुपया आपल्या रुपयाला १.६० ने बांधलेला आहे आणि भूतानचं चलन बरोबरीने, त्यामुळे तिथल्या सहलीसाठी डॉलर बघत बसू नका. कार्डावर बँक जो वरचा आकार लावते, तो आधी विचारा. रुपयाच्या वाढीतून वाचलेलं बहुतेक वेळा तिथेच जातं.

मुलगा आखातात आहे, घरी पैसे पाठवतो. आम्हाला काय?

रुपया वधारला की तेवढ्याच दिरहमचे कमी रुपये मिळतील. घराचा हप्ता त्या पैशांतून जात असेल, तर हप्त्याचं गणित आजच्या भावावर न बांधता थोडं हात राखून बांधा.

मुलीची अमेरिकेतल्या विद्यापीठाची फी ऑगस्टमध्ये भरायची आहे. रुपया वधारेल म्हणून थांबू का?

सगळी रक्कम एका अंदाजावर टाकू नका. विद्यापीठ परवानगी देत असेल तर काही भाग आत्ता भरा, काही जुलैमध्ये, उरलेली मुदतीच्या दहा-बारा दिवस आधी. एकदम तळाचा भाव मिळणार नाही, पण एकदम चढा भावही माथी येणार नाही. दोन-तीन बँकांकडून विक्रीचा दर आणि पैसे पाठवण्याचे आकार लेखी मागून घ्या. टीव्हीवर दिसणारा दर बँका-बँकांमधला असतो, तुम्हाला त्याहून वरच्या दराने डॉलर मिळतात. आणि फीसाठी कर्ज घेतलं असेल, तर मंजुरी रुपयांत किती आहे ते तपासा. डॉलर चढला, तर तेवढ्या रुपयांत फी पुरत नाही आणि वरचे पैसे ऐन वेळी उभे करावे लागतात.