डिसेंबरचे पेट्रोल अंदाजपत्रक: डिचोली ते म्हापसा–कळंगुट झोन

गाडी: ११० सीसी स्कूटर, टाकी ५.३ लिटर, मागे डिलिव्हरीची बॅग
कामाचे दिवस: २६ (साधे १८, गर्दीचे ८)
धरलेला दर: रु. ९७ प्रति लिटर
महिन्यासाठी बाजूला काढायची रक्कम: रु. ९,४००

१ ते २३ डिसेंबरमध्ये तीन आठवडी सुट्ट्या, ३ तारखेचे जुन्या गोव्याचे फेस्त आणि सर्व्हिसिंगचा एक दिवस वजा केला, म्हणजे साधे दिवस १८ उरतात. २४ ते ३१ हे आठही दिवस गाडी चालणार. त्या आठवड्यात कळंगुट–बागा पट्ट्यात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, म्हणून त्या दिवसांचा हिशेब वेगळा मांडला आहे. दोन्ही एकत्र करून सरासरी काढली तर महिन्याच्या शेवटी खिसा रिकामा होतो.

रोजचे अंतर

अ‍ॅपवर दिसणारे किलोमीटर या हिशेबात घेऊ नकोस. अ‍ॅपमध्ये तू उभा आहेस तिथून हॉटेल आणि हॉटेलपासून गिऱ्हाईक एवढेच मोजले जाते. पेट्रोल मात्र परतीच्या रिकाम्या फेरीलाही जळते आणि घरून झोनमध्ये यायलाही. साध्या दिवशी १४ ऑर्डर धरल्या आहेत. एका ऑर्डरला हॉटेलपर्यंत १.८ किमी, गिऱ्हाइकापर्यंत ३.४ किमी आणि परत गर्दीच्या जागी यायला १.३ किमी, असे ६.५ किमी पडतात. १४ ऑर्डरचे झाले ९१. चुकलेला पत्ता, पंप आणि जेवण यांचे ५, डिचोली–म्हापसा जाऊन-येऊन ३४. एकूण १३० किमी. त्याच दिवशी अ‍ॅप दाखवेल जेमतेम ७३. अंदाज चुकतात ते बहुतेक याच ५७ किलोमीटरमुळे, पंपावरच्या दरामुळे नव्हे.

गर्दीच्या दिवशी ऑर्डर २० धरल्या. त्या जवळजवळच्या असतात म्हणून प्रत्येकी ६ किमी, म्हणजे १२०. वळसे आणि बंद केलेल्या वाटा यांचे ८, येण्याजाण्याचे ३४. एकूण १६२ किमी.

पेट्रोल किती लागेल

| टप्पा | किमी | अ‍ॅव्हरेज | लिटर |
|---|---|---|---|
| डिचोली–म्हापसा ये-जा, २६ दिवस | ८८४ | ४८ | १८.४२ |
| झोनमध्ये, साधे १८ दिवस | १,७२८ | ४० | ४३.२० |
| झोनमध्ये, गर्दीचे ८ दिवस | १,०२४ | ३४ | ३०.१२ |
| एकूण | ३,६३६ | सुमारे ३९.६ | सुमारे ९१.७३ |

९१.७३ लिटर गुणिले ९७, म्हणजे रु. ८,८९८. रोजचा खर्च साध्या दिवशी रु. ३०२ आणि गर्दीच्या दिवशी रु. ४३४. पहिल्या २३ दिवसांत रु. ५,४२७ जातील आणि शेवटच्या आठच दिवसांत रु. ३,४७१.

सुट्टीच्या दिवशी बाजारात किंवा देवळात गेलास तर ते पेट्रोल घरखर्चातून भर. ते इथे मिसळले की अ‍ॅव्हरेज कुठे घसरला हे कळायला मार्ग उरत नाही.

दर बदलला तर

जून २०१७ पासून पेट्रोलचे दर रोज सकाळी ६ वाजता ठरवण्याची पद्धत आहे, पण प्रत्यक्षात तोच दर महिनोन्महिने राहू शकतो आणि मग केंद्राने एक्साइज किंवा राज्याने व्हॅट हलवला की एकदम उडी पडते. म्हणून दर १ तारखेला आणि १६ तारखेला पंपावरचा आकडा लिहून ठेव, रोज बघत बसायची गरज नाही.

महिनाभर दर १ रुपयाने वाढला तर तुझे रु. ९२ जास्त जातील. १६ तारखेला २ रुपये वाढले तर उरलेल्या ५७.५ लिटरवर रु. ११५. अ‍ॅव्हरेज १० टक्क्यांनी पडला तर १०.२ लिटर जास्त, म्हणजे रु. ९८९. दर जवळपास ११ रुपयांनी वाढावा, तेवढे हे नुकसान आहे. दर तुझ्या हातात नाही, गाडी आहे.

व्हॅट राज्याचा असल्याने सिंधुदुर्गात पेट्रोल महाग पडते. बांद्याहून येणाऱ्यांनी टाकी गोव्यातच भरावी.

राखीव रक्कम अशी धरली आहे: दर २ रुपयांनी वाढेल म्हणून रु. १८४, रोज ५ किमी जास्त होतील म्हणून रु. ३१८. त्यात ८,८९८ मिळवले की ९,४०० होतात.

अ‍ॅव्हरेज कसा मोजायचा

वरचे ४८, ४० आणि ३४ हे आकडे नीट ठेवलेल्या गाडीचे आहेत. तुझ्या गाडीचे काय, ते पहिल्या आठवड्यातच तपास. गाडी मेन स्टँडवर लावून टाकी फुल कर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की थांब. ओडोमीटर लिही. दुसऱ्या दिवशी त्याच पंपावर तसेच फुल कर. समज, २४,३१८ वरून २४,४७४ झाले आणि ३.९२ लिटर बसले. १५६ भागिले ३.९२, म्हणजे ३९.८. अशा तीन भरण्यांची सरासरी घे. एकाच भरण्यावर विसंबू नकोस, कारण दर वेळी नोझल नेमक्या त्याच पातळीला बंद होत नाही. बंद झाल्यावर आणखी पेट्रोल रेटायचे नाही. बीएस-६ गाडीत पेट्रोलची वाफ शोषणारा डबा असतो, त्यात पेट्रोल गेले तर तो खराब होतो.

दोनशे-दोनशेचे पेट्रोल घालायची सवय या झोनला परवडत नाही. रु. २०० मध्ये २.०६ लिटर येते, साध्या दिवसाला ३.१ लागते. म्हणजे दुपारी ऑर्डर वाजत असताना तू पंपाच्या रांगेत. सकाळी म्हापशात पोचताच टाकी फुल कर. गर्दीच्या दिवशी ४.५ लिटर लागते, ५.३ च्या टाकीत ते बसते.

अ‍ॅव्हरेज पडला तर काय पाहायचे

आधी हवा. ११० सीसी स्कूटरला एकट्यासाठी साधारण पुढे २२ आणि मागे २९ पीएसआय लागते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघ. सकाळी टायर थंड असताना भर, गरम टायरचा आकडा फसवा असतो.

मग ब्रेक. मेन स्टँडवर मागचे चाक हाताने फिरव. अडखळत थांबले किंवा फेरीनंतर ड्रमला हात लावता येईना, तर ब्रेक घासतोय. ऑर्डरच्या घाईत ब्रेक घट्ट करून घेतले की हमखास असे होते.

तिसरे, एअर फिल्टर. डिचोलीकडची लाल धूळ तो लवकर भरून टाकते. तेलकट कागदाचा फिल्टर हवेने फुंकून साफ करू नकोस, बदल. तरी फरक पडला नाही तर मेकॅनिकला स्पार्क प्लग, बेल्ट आणि रोलर बघायला सांग. रोलर झिजले की इंजिन ओरडते, पण गाडी पळत नाही.

गाडी जुनी असेल तर ई२० पेट्रोलमुळे थोडा अ‍ॅव्हरेज कमी येतो, तो दुरुस्तीने परत येत नाही. तो आकडा मान्य करून तक्ता नव्याने मांड. हॉटेलबाहेर थांबलास की इंजिन बंद ठेव.

सर्व्हिसिंग १५ तारखेच्या आत उरक, नाताळच्या आठवड्यात गॅरेजमध्ये नंबर लागत नाही. २३ तारखेच्या रात्री या हिशेबात निदान रु. ३,४७१ शिल्लक हवेत. त्यापेक्षा कमी असतील तर २४ पासून हणजूण–वागातोरच्या लांबच्या ऑर्डर परतीच्या रिकाम्या किलोमीटरसह मोज, आणि पेट्रोल वजा जाता हातात उरते तेवढ्याच घे.